पत्त्यातला आकडा बदलला तर?

२०११च्या मे महिन्यात अमेरिकेतल्या सिटीग्रुप बँकेला आपल्या क्रेडिट कार्डधारकांच्या वेबसाइटवर भलतीच वर्दळ दिसली. पुढे बातम्यांतून जे बाहेर आलं ते ऐकून अनेक तंत्रज्ञांनी कपाळावर हात मारला. चोरांनी कुठलंही कुलूप फोडलं नव्हतं. ते रीतसर लॉगिन करून आत गेले. मग ब्राउझरच्या वरच्या पट्टीत जो पत्ता दिसतो, त्यातला खाते क्रमांकाचा आकडा त्यांनी बदलला आणि दुसऱ्याच ग्राहकाचं पान उघडलं. पुन्हा बदलला, तिसऱ्याचं उघडलं. हे काम हजारो वेळा करायला एक छोटासा प्रोग्रॅम पुरला. बँकेने नंतर जाहीर केलेला आकडा होता ३ लाख ६० हजार ८३ खात्यांचा.

बँकेने दारात नाव आणि पासवर्ड विचारला होता. आतल्या पानावर मात्र ‘हे खातं याच माणसाचं आहे का?’ हा प्रश्न कुणी विचारलाच नाही. वेबसाइटची सुरक्षा चाचणी करणारे टेस्टर आपल्या कामाची सुरुवात नेमकी इथून करतात. त्यासाठी फार मोठी सामग्री लागत नाही. दोन खाती, एक ब्राउझर आणि मालकाची लेखी परवानगी एवढ्यावर बरंच काही उघडं पडतं.

ही चाचणी समजून घ्यायची तर सर्व्हर किती विसराळू असतो हे आधी लक्षात घ्यावं लागतं. ब्राउझर एकेक पान मागतो आणि सर्व्हर एकेक पान देतो, पण आत्ता पान मागणारा आणि दहा सेकंदांपूर्वी पासवर्ड देऊन गेलेला एकच आहे, हे त्याला आपणहून कळत नाही. यावर १९९४ मध्ये नेटस्केप कंपनीतल्या लू मोंटुली यांनी तोडगा काढला, तो म्हणजे कुकी. ऑनलाइन दुकानात ग्राहकाने टोपलीत काय काय टाकलं हे लक्षात राहावं, अशी तेव्हाची गरज होती. आज जवळपास प्रत्येक लॉगिन या कुकीच्या भरवशावर चालतं.

देवळाबाहेरच्या चप्पल स्टँडसारखाच हा व्यवहार आहे. चपला दिल्या की माणूस एक बिल्ला हातात ठेवतो. परत येताना तो तोंड पाहत नाही, बिल्ला पाहतो. सर्व्हरही लॉगिन झाल्यावर एक लांबलचक क्रमांक तयार करतो, आपल्या वहीत त्या क्रमांकापुढे खातेदाराचं नाव लिहितो आणि क्रमांक ब्राउझरला देतो. पुढच्या प्रत्येक मागणीबरोबर ब्राउझर तो बिल्ला दाखवत राहतो. लॉगिनपासून लॉगआउटपर्यंतच्या या सगळ्या काळाला सेशन म्हणतात. ज्याच्या हातात बिल्ला, त्याच्या चपला, हा नियम मात्र दोन्हीकडे सारखाच लागू असतो.

आता एक उदाहरण घेऊ. समजा, ९६ फ्लॅटच्या एका सोसायटीने मेंटेनन्सची बिलं, तक्रारी आणि सूचना यांसाठी वेबसाइट करून घेतली आहे. ती सभासदांना खुली करण्याआधी एका टेस्टरला बोलावलं आहे. तिला खऱ्या वेबसाइटची एक वेगळी प्रत मिळाली आहे, त्यात बनावट माहिती भरली आहे. तीन खाती मिळाली आहेत: ए-३०२चा सभासद, बी-५०४चा सभासद आणि सचिव. शिवाय ब्राउझर आणि सर्व्हर यांच्या मध्ये बसून प्रत्येक मागणी थांबवून दाखवणारा एक प्रोग्रॅम आहे. ‘झॅप’ किंवा ‘बर्प सूट’ ही या कामातली नेहमीची नावं. त्यांच्यामुळे ब्राउझरने पाठवलेलं पत्र उघडून, त्यातला मजकूर बदलून पुढे धाडता येतं.

पहिली तपासणी दारातच होते. टेस्टर मुद्दाम चुकीचा पासवर्ड टाकते आणि वेबसाइट काय म्हणते ते टिपून ठेवते. मग अस्तित्वातच नसलेल्या ईमेलने तोच खेळ करते. एकदा ‘पासवर्ड चुकला’ आणि एकदा ‘असा सभासद नाही’ अशी दोन वेगळी उत्तरं आली, तर कोण सभासद आहे आणि कोण नाही हे बाहेरच्याला फुकटात कळतं. शब्द सारखे असले तरी ती वेळ मोजते. सभासद नसेल तर सर्व्हर पासवर्ड पडताळण्याचं जड काम टाळतो आणि उत्तर लवकर येतं. ‘पासवर्ड विसरलात?’ या पानावर तर हा फरक हमखास सापडतो, कारण लॉगिनचं पान काळजीने लिहिणारा माणूस तिथे पोहोचेपर्यंत दमलेला असतो.

त्याच पानावर ओटीपी येतो. चार आकडी ओटीपीच्या शक्यता दहा हजार. सेकंदाला दहा अंदाज पाठवणारा साधा प्रोग्रॅम त्या सगळ्या एक हजार सेकंदांत, म्हणजे सतरा मिनिटांच्या आत संपवतो. पाच चुकांनंतर ओटीपी बाद होत असेल, तर तोच प्रोग्रॅम दोन हजारांत एकदा यशस्वी होईल. सगळा फरक चुका मोजण्याचा आहे. त्या कुठे आणि कशा मोजल्या जातात, यावर दोन भारतीय शोधकांनी फेसबुकच्या कंपनीला चांगलाच धडा दिला.

२०१६ मध्ये बंगळुरूच्या आनंद प्रकाश यांनी पाहिलं की फेसबुकच्या मुख्य वेबसाइटवर पासवर्ड बदलण्याचा सहा आकडी कोड दहा-बारा वेळा चुकला की दार बंद होतं. मग त्यांनी त्याच फेसबुकच्या चाचणीसाठी ठेवलेल्या `beta.facebook.com` या पत्त्यावर हाच प्रयोग केला. तिथे चुका कुणी मोजतच नव्हतं. त्यांनी स्वतःच्याच खात्यावर प्रयोग करून कंपनीला कळवलं. दोष लगेच दुरुस्त झाला आणि त्यांना १५ हजार डॉलरचं बक्षीस मिळालं.

२०१९ मध्ये तामिळनाडूच्या लक्ष्मण मुथय्या यांनी इन्स्टाग्रामचा कोड तपासला. इथे चुका मोजल्या जात होत्या, पण मागणी कुठल्या इंटरनेट पत्त्यावरून आली त्याच्या हिशेबाने. एका पत्त्यावरून ठरावीक प्रयत्न झाले की पुढचे नाकारले जात, दुसऱ्या पत्त्यावरून मात्र हिशेब नव्याने सुरू होई. मुथय्यांनी एक हजार पत्त्यांवरून एकाच वेळी दोन लाख कोड पाठवून दाखवले. कोडचं आयुष्य दहा मिनिटांचं होतं आणि एकूण शक्यता दहा लाख. पाच हजार पत्ते भाड्याने घेतले तर सगळ्या शक्यता वेळेत संपतात आणि खर्च साधारण दीडशे डॉलर येतो, असा त्यांचा हिशेब होता. त्यांना ३० हजार डॉलर मिळाले.

म्हणून आपली टेस्टर तीन गोष्टी पाहते. चुकांची मोजणी खात्यागणिक होते की केवळ इंटरनेट पत्त्यागणिक? मोबाइल ॲपसाठी ठेवलेल्या वेगळ्या दारावरही ती होते का? आणि नवा ओटीपी मागवला की मोजणी शून्यावर येते का? येत असेल तर पाच अंदाज, नवा ओटीपी, पुन्हा पाच अंदाज असा रहाट चालूच राहतो. शेवटी ती एक साधी पण महत्त्वाची गोष्ट करते. ‘प्रयत्न संपले’ असा संदेश आल्यावर ती मुद्दाम बरोबर ओटीपी टाकते. कधी कधी संदेश येतो, पण दार उघडंच असतं.

कुलूप फार कडक असूनही चालत नाही, ही यातली अडचण. पाच चुकांवर खातं दिवसभरासाठी बंद होत असेल, तर सचिवांवर रुसलेला कुणीही रोज सकाळी पाच वेळा चुकीचा पासवर्ड टाकून त्यांना बाहेर ठेवू शकेल. म्हणून पूर्ण बंदीऐवजी दर चुकीनंतर थांबायची वेळ वाढवत नेणं बहुतेक ठिकाणी सोयीचं पडतं.

आता लॉगिन झालं. सर्व्हरने दिलेला बिल्ला टेस्टर ब्राउझरच्या आतल्या खिडकीत उघडून पाहते. `F12` दाबलं की ती खिडकी उघडते. नीट दिलेला बिल्ला साधारण असा दिसतो:

```
Set-Cookie: sid=9f2c7be14a06d35881c0e7f4b2a95d63; Secure; HttpOnly; SameSite=Lax; Path=/
```

पहिला प्रश्न क्रमांकाचा. तो असा लांब आणि यदृच्छेने आलेला हवा. आपला बिल्ला १०४१ असेल आणि पुढच्या माणसाचा १०४२, तर दुसऱ्याच्या चपला मागणं अवघड नाही. टेस्टर वीस-पंचवीस वेळा लॉगिन करून क्रमांक एकाखाली एक लिहून काढते आणि त्यात क्रम, तारीख किंवा फ्लॅट नंबर डोकावतो का ते पाहते.

पुढचे तीन शब्द ब्राउझरला दिलेल्या सूचना आहेत. `Secure` म्हणजे हा बिल्ला फक्त कूटबद्ध जोडणीवरूनच न्यायचा. `HttpOnly` म्हणजे पानात चालणाऱ्या कुठल्याही स्क्रिप्टला तो वाचू द्यायचा नाही. `SameSite=Lax` म्हणजे दुसऱ्या वेबसाइटवरच्या फॉर्मने इकडे काही पाठवलं, तर त्याच्यासोबत बिल्ला जाऊ द्यायचा नाही.

यातल्या पहिल्या सूचनेची किंमत जगाला २०१० मध्ये कळली. त्या ऑक्टोबरमध्ये एरिक बटलर यांनी सॅन दिएगोच्या एका परिषदेत फायरफॉक्सची ‘फायरशीप’ नावाची जोडणी जाहीर केली. तेव्हा फेसबुकसारख्या वेबसाइट पासवर्ड कूटबद्ध करून नेत, पण लॉगिननंतरची पानं आणि त्यांच्यासोबतच्या कुकी उघड्यावर फिरत. कॉफीच्या दुकानातल्या खुल्या वायफायवर फायरशीप चालू केलं की आजूबाजूच्या लोकांची नावं पडद्याच्या कडेला दिसू लागत. नावावर दोनदा टिचकी मारली की त्या माणसाच्या खात्यात प्रवेश. पासवर्ड कुणालाच चोरावा लागत नव्हता, बिल्लाच हातात पडत होता. फेसबुकने सगळ्या वापरकर्त्यांसाठी कूटबद्ध जोडणी हीच नेहमीची केली ती २०१३ मध्ये.

सेशनच्या तपासणीत सर्वांत जास्त दोष मात्र शेवटी, लॉगआउटपाशी सापडतात. टेस्टर लॉगिन असतानाच आपल्या कुकीचा क्रमांक वहीत उतरवून ठेवते. मग लॉगआउटचं बटण दाबते. पान बदलतं, ‘पुन्हा भेटू’ असं काहीतरी येतं. आता ती ब्राउझर बाजूला ठेवून जुन्याच क्रमांकाने बिलांचं पान मागते:

```
curl -i -H "Cookie: sid=9f2c7be14a06d35881c0e7f4b2a95d63" https://test.example/bills
```

उत्तरात `401` आलं किंवा लॉगिनच्या पानाकडे पाठवणी झाली, तर ठीक. `200` येऊन खाली बिलांची यादी उमटली, तर लॉगआउट हा निव्वळ देखावा होता. ब्राउझरने आपल्याकडचा बिल्ला फेकला, पण स्टँडवाल्याने वहीतली नोंद खोडली नाही. सायबर कॅफेतल्या किंवा ऑफिसातल्या सामायिक संगणकावर तो क्रमांक आधीच कुणी उतरवून घेतला असेल, तर मूळ मालकाच्या लॉगआउटने त्याचं काहीही अडत नाही.

याच जातीच्या आणखी दोन तपासण्या आहेत. लॉगिनच्या आधी वेबसाइटने दिलेला बिल्ला आणि लॉगिननंतरचा बिल्ला वेगळे असायला हवेत. नसतील, तर कुणी आपल्याकडचा बिल्ला आधीच दुसऱ्याच्या ब्राउझरमध्ये सरकवून ठेवू शकतो आणि त्याने लॉगिन केलं की त्याच बिल्ल्यावर स्वतः आत जाऊ शकतो. दुसरी तपासणी पासवर्ड बदलण्याची. टेस्टर एकच खातं दोन ब्राउझरमध्ये उघडते आणि एकात पासवर्ड बदलते. दुसरा ब्राउझर तसाच आत राहिला, तर पासवर्ड चोरीला गेल्याच्या भीतीने तो बदलणाऱ्या माणसाला चोर अजून घरातच बसलाय हे कळणारही नाही.

यानंतर येतो मजकूर, म्हणजे सभासद जे टाइप करतात ते. वेबसाइटवर आडनावाने सभासद शोधायची एक चौकट आहे. टेस्टर तिथे वसईपासून गोव्यापर्यंत सगळीकडे सापडणारं एक आडनाव टाकते: `D'Souza`. पान कोसळतं आणि `500` हा आकडा येतो. तिचे कान टवकारतात. सर्व्हरने डेटाबेसला काय विचारलं असणार याचा अंदाज तिला आलेला असतो:

```
SELECT * FROM members WHERE surname = 'D'Souza'
```

डेटाबेसच्या दृष्टीने अवतरणचिन्ह म्हणजे मजकुराची हद्द. `D` नंतरचं चिन्ह पाहून त्याला वाटलं की आडनाव संपलं. उरलेलं `Souza'` त्याला आज्ञेचा भाग वाटलं आणि ते न कळल्याने तो अडखळला. टाइप केलेला मजकूर हद्द ओलांडून आज्ञेत शिरू शकतो, एवढं यातून सिद्ध होतं. आज आडनाव शिरलं. उद्या कुणी अर्थपूर्ण आज्ञा लिहिली, तर ती पाळलीही जाईल. या दोषाला एसक्यूएल इंजेक्शन म्हणतात.

घाईतला प्रोग्रॅमर यावर अवतरणचिन्हावरच बंदी घालतो. मग डिसूझांना आपलं नाव लिहिता येत नाही आणि दोषही पुरता जात नाही, कारण जिथे चिन्हाशिवाय नुसते आकडे जोडले जातात तिथे तो तसाच राहतो. खरा उपाय म्हणजे आज्ञा आणि मजकूर डेटाबेसला वेगवेगळे देणं:

```
cur.execute("SELECT * FROM members WHERE surname = ?", (surname,))
```

प्रश्नचिन्हाच्या जागी काहीही आलं तरी डेटाबेस त्याला मजकूरच समजतो. दुरुस्तीनंतर टेस्टर पुन्हा `D'Souza` शोधते. या वेळी डिसूझा कुटुंबाचा फ्लॅट नंबर निमूट समोर यायला हवा. नुसतं पान कोसळलं नाही एवढ्यावर ती समाधान मानत नाही.

हा दोष फार जुना आहे, तरी त्याने ब्रिटनच्या टॉकटॉक या दूरसंचार कंपनीला २०१५ मध्ये गाठलं. १ लाख ५६ हजार ९५९ ग्राहकांची माहिती गेली, त्यातल्या १५ हजार ६५६ जणांच्या बँक खात्याच्या तपशिलांसह. गंमत म्हणजे ज्या पानांतून चोर शिरले ती टॉकटॉकने बांधलेलीच नव्हती. २००९ मध्ये टिस्काली कंपनीचा ब्रिटनमधला कारभार विकत घेताना ती वारसाहक्काने आली होती आणि ती अजून चालू आहेत याचा कंपनीला पत्ताच नव्हता. त्याच वर्षी जुलै आणि सप्टेंबरमध्येही त्याच पानांवर असेच हल्ले होऊन गेले होते. तिथल्या माहिती आयुक्तांनी २०१६ मध्ये चार लाख पौंडांचा दंड ठोठावला. तपासणी सुरू करताना टेस्टर आधी ‘तुमच्याकडे एकूण पानं किती आणि कुठली?’ अशी यादी मागते, ती याचसाठी.

मजकुराची दुसरी तपासणी पैशांपाशी होते. ‘रक्कम भरा’ या चौकटीत शून्याखालचा आकडा टाकला की ब्राउझर लाल अक्षरांत हटकतो. पण ही हटकणी सभासदाच्याच संगणकावर घडते आणि तिथला मालक सभासद असतो. टेस्टर २५०० हा आकडा टाकते, बटण दाबते आणि मागणी वाटेतच अडवून तिचं `-2500` करते. सर्व्हरने तो आकडा मुकाट्याने घेतला तर थकबाकीच्या हिशेबात काय होतं ते ती पाहते. ब्राउझरमधली तपासणी माणसाच्या चुका टाळण्यापुरती ठीक आहे. खरी तपासणी सर्व्हरवरच लागते. आणि बिलाची रक्कम तर ब्राउझरकडून घ्यायचंच कारण नाही, ती सर्व्हरच्या वहीत आधीच लिहिलेली असते.

यानंतर टेस्टर सिटीग्रुपच्या प्रश्नाकडे वळते. ए-३०२चं बिल क्रमांक ४१७ आहे आणि बी-५०४चं ४३१. ती बी-५०४च्या खात्याने आत जाते. आपलं बिल उघडल्यावर पत्त्याच्या पट्टीत `/bills/431` दिसतं. ती शेवटचे आकडे खोडून ४१७ लिहिते.

तीन उत्तरं संभवतात. `403` म्हणजे परवानगी नाही. `404` म्हणजे असं काही सापडलं नाही. दोन्ही चालतील, दुसऱ्या उत्तराने तर ४१७ नावाचं बिल आहे की नाही हेही गुलदस्त्यात राहतं. `200` आलं आणि शेजाऱ्याची थकबाकी समोर उमटली, तर अहवालातला सर्वांत वरचा दोष सापडला. मात्र आकड्यावर विसंबायचं नसतं. काही वेबसाइट ‘परवानगी नाही’ हे पानही `200` म्हणत देतात. काही ठिकाणी पडद्यावर नकार दिसतो, पण मागे आलेल्या मजकुरात अख्खं बिल असतं. म्हणून ए-३०२ला मिळालेलं पान आणि बी-५०४ला मिळालेलं पान ती शेजारी ठेवून ओळ न् ओळ ताडून पाहते.

मग हेच बदल करण्याच्या आणि खोडण्याच्या मागण्यांसाठी. पाहण्यावर पहारा असतो आणि खोडण्यावर नसतो, असं बरेचदा घडतं. मुथय्यांनीच २०१५ मध्ये फेसबुकला हे दाखवलं होतं. स्वतःच्या मोबाइल ॲपला मिळालेलं टोकन वापरून त्यांनी दुसऱ्याच्या फोटो अल्बमचा क्रमांक दिला आणि ‘खोडा’ म्हटलं. अल्बम खोडला गेला. टोकन खरं होतं, पण अल्बम त्याच्या मालकाचा आहे का हे पडताळलं गेलं नव्हतं. त्या वेळी बक्षीस होतं साडेबारा हजार डॉलर.

शेजाऱ्याच्या घरात डोकावणं झालं, आता वरच्या मजल्यावर. सचिवांच्या पानावर ‘नवी सूचना’ असं बटण आहे, सभासदांच्या पानावर ते दिसत नाही. टेस्टर सचिवांच्या खात्यातून त्या बटणामागचा पत्ता उतरवते, `/admin/notices/new`, आणि सभासदाच्या खात्यात तो हाताने टाइप करते. पान उघडलं तर बटण फक्त लपवलं होतं, दाराला कडी नव्हती. माहिती दुरुस्त करण्याच्या फॉर्ममध्ये `role=member` असं काही पाठवलं जात असेल, तर ती तिथे `role=secretary` लिहून पाहते. सभासदाला स्वतःची बढती स्वतःच करता आली, तर पुढचं काही तपासायची गरज उरत नाही.

बिलाच्या दोषाची दुरुस्ती एका अटीची असते:

```
SELECT * FROM bills WHERE id = ? AND flat_id = ?
```

बिल क्रमांक पत्त्यातून येईल, पण फ्लॅट क्रमांक सेशनच्या वहीतूनच घ्यायचा. तोही पत्त्यातून घेतला, तर एकाऐवजी दोन आकडे बदलावे लागतील, एवढाच फरक. काही जण ४१७ ऐवजी लांबलचक, अंदाज न येणारा क्रमांक वापरतात. त्याने आकडे मोजत जाणारा प्रोग्रॅम थांबतो. पण तीच लिंक कुणी सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली, तर लांब क्रमांक काय किंवा छोटा काय, बिल सगळ्यांना दिसणार.

हे काम यंत्रावर सोपवता येईल का? थोडंफार. आपोआप चालणारी साधनं अवतरणचिन्हाने कोसळणारं पान शोधतात, कुकीवर विसरलेली सूचना शोधतात. पण ४१७ क्रमांकाचं बिल ए-३०२चं आहे आणि ते बी-५०४ला दिसता कामा नये, हे त्यांना कुणी सांगितल्याशिवाय ठाऊक नसतं. त्यांच्या लेखी `200` म्हणजे पान व्यवस्थित चालतंय. वेब सुरक्षेवर काम करणारी ओवॅस्प ही संस्था सर्वांत घातक दहा दोषांची यादी काढते. त्यात परवानगीच्या तपासणीतला ढिलेपणा २०१७ मध्ये पाचव्या जागी होता, २०२१ मध्ये पहिल्या जागी आला.

हे सगळं वाचून एखाद्याचा हात आपल्या बँकेच्या पत्त्यातल्या आकड्यांकडे वळेल, तर त्याने तो आवरावा. भारताच्या माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४३ नुसार मालकाच्या परवानगीशिवाय संगणकात शिरकाव करणं चुकीचं आहे आणि ते लबाडीने केलं तर कलम ६६ खाली तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. शिकण्यासाठी ओवॅस्पनेच ‘ज्यूस शॉप’ नावाचं मुद्दाम दोषांनी भरलेलं दुकान बनवून ठेवलंय. ते आपल्याच संगणकावर चालवून हवं तितकं फोडता येतं.

सोसायटीच्या वेबसाइटवर दुरुस्त्या झाल्यावर टेस्टर पुन्हा येते. बी-५०४च्या खात्यातून `/bills/417` मागते आणि `404` मिळतं. मग ती एक गोष्ट पाहते जी पहिल्या वेळी राहून गेली होती. बिलाच्या पानावर ‘पीडीएफ उतरवा’ अशी लिंक आहे. ती उतरवून घेऊन ती लॉगिन नसलेल्या ब्राउझरमध्ये टाकते. पीडीएफ उघडते. पानावर पहारा बसला, पण फाइली वेगळ्या फडताळात होत्या आणि तिथे कुणी उभं नव्हतं.

अमेरिकेतल्या फर्स्ट अमेरिकन या मालमत्ता-विमा कंपनीत अगदी हेच, प्रचंड मोठ्या प्रमाणावर झालं होतं. मे २०१९ मध्ये पत्रकार ब्रायन क्रेब्स यांनी दाखवलं की घरखरेदीच्या कागदपत्रांच्या लिंकमधला आकडा बदलला की कुठल्याही लॉगिनशिवाय दुसऱ्याची कागदपत्रं उघडतात. २००३ पासूनची सुमारे ८८ कोटी ५० लाख कागदपत्रं अशी उघडी होती आणि त्यांत बँक खात्यांचे क्रमांकही होते. न्यू यॉर्कच्या वित्त नियामकाने पुढे चौकशी केली, तेव्हा आणखी एक गोष्ट कळली. कंपनीच्याच चाचणी पथकाला हा दोष डिसेंबर २०१८ मध्ये सापडला होता. त्यांनी अहवालही लिहिला होता. मात्र दोषाची नोंद कमी गंभीर अशा वर्गात झाली आणि क्रेब्स यांची बातमी येईपर्यंत, जवळपास पाच महिने, तो तसाच पडून राहिला.

आपल्या टेस्टरच्या अहवालात पीडीएफचा दोष पहिल्या क्रमांकावर आहे. शेजारी तो पुन्हा करून पाहण्याच्या चार पायऱ्या, दुरुस्त करणाऱ्याचं नाव लिहायची रिकामी जागा आणि तिने स्वतः मांडलेली फेरतपासणीची तारीख.